हेरोद घराण्याची वंशावळ : जोसेफसच्या वाक्यांतून पिढीवार तक्त्याकडे

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील आमच्या धर्मग्रामात धर्मशिक्षकांचे एक शिबिर भरले होते. मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय चालू होता. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाची हकिकत वाचून झाल्यावर एक वयोवृद्ध धर्मशिक्षक उभे राहिले व म्हणाले, "फादर, बेथलेहेमातील बालकांची कत्तल करविणारा एक हेरोद, योहानाला मारणारा एक हेरोद, याकोबाचा वध करविणारा आणखी एक हेरोद, आणि पौलाचे म्हणणे ऐकून घेणारा अग्रिप्पा. ही माणसे एकमेकांची कोण? आणि हेरोदियेचा पहिला नवरा फिलिप्प म्हणजे लूकाने सांगितलेला तो मांडलिकच ना?"

प्रश्न रास्त होता. मी खडू घेऊन फळ्यावर स्मरणाने एक वंशवृक्ष काढला. हेरोदियेला मी हेरोदाचा भाऊ फसाएल याच्या शाखेत लिहिले आणि तिचा पहिला पती म्हणून मांडलिक फिलिप्पाचे नाव घातले. रात्री खोलीवर परतल्यावर जोसेफसचा ग्रंथ उघडून पाहिला, तेव्हा पहिली गोष्ट निखालस चुकीची व दुसरी अत्यंत संशयास्पद असल्याचे आढळून आले. दुसऱ्या दिवशी फळा पुसून नव्याने आरंभ करावा लागला. त्या दुरुस्तीतून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

या घराण्याची माहिती देणारा मुख्य उतारा फ्लावियस जोसेफस याच्या यहुद्यांच्या प्राचीन इतिहासाच्या अठराव्या ग्रंथात, पाचव्या अध्यायाच्या शेवटी येतो. हा इतिहास इ.स. ९३-९४ च्या सुमारास ग्रीक भाषेत पूर्ण झाला. योहानाच्या वधाची हकिकत सांगून झाल्यावर जोसेफस थोडा थांबतो व हेरोद राजाच्या संततीचे वर्णन करतो. त्याचा हेतू तो स्वतःच सांगतो : हे कुटुंब एवढे विस्तारलेले असूनही शंभर वर्षांच्या आत थोड्यांखेरीज सारे नाहीसे झाले, आणि देवभक्तीवाचून मनुष्यबळ व्यर्थ आहे हे त्यावरून दिसावे. म्हणजे हा उतारा बोध करण्यासाठी लिहिलेला आहे. त्यात आकृती नाही, क्रमांक नाहीत, वर्षेही जवळजवळ नाहीत. अमक्याने तमकीशी विवाह केला, तिला अमुक मुले झाली, त्यांपैकी एकीशी तमक्याने विवाह केला, अशी वाक्यामागून वाक्ये आहेत.

अशा मजकुराची वंशावळ करताना पहिला मोह असतो तो वाचता वाचताच झाडाच्या फांद्या काढीत जाण्याचा. माझी चूक तेथेच झाली. आधी वाक्ये तोडली पाहिजेत. मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि एका चिठ्ठीवर एकच विधान लिहिले. विधाने दोनच प्रकारची : अमुक हा अमक्याचे व अमकीचे अपत्य, किंवा अमुक व अमकी यांचा विवाह. भाऊ, बहीण, चुलता, नात असे शब्द आले तर त्यांचे वरील दोन प्रकारांत रूपांतर करावयाचे, आणि ते होत नसेल तर चिठ्ठी बाजूला ठेवावयाची.

चिठ्ठ्या झाल्यावर नामसाम्याची अडचण पुढे आली. या एका उताऱ्यात हेरोद नावाचे सहा पुरुष आहेत : स्वतः राजा, प्रमुख याजकाच्या कन्येपासून झालेला त्याचा पुत्र, गालीलाचा मांडलिक, अग्रिप्पाचा भाऊ, फसाएलाचा नातू आणि सलोमेचा पुत्र. क्युप्रोस नावाच्या चार स्त्रिया, मरियम्मे नावाच्या चार आणि अरिस्तबूल नावाचे चार पुरुष आहेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडेही असल्याने यात नवल नाही. पण अशा घराण्यात केवळ नावाने ओळख पटत नाही. म्हणून तक्त्यात प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक दिला पाहिजे, आणि पिता, माता व जोडीदार यांच्या रकान्यांत शक्यतो नाव न लिहिता तो क्रमांकच लिहिला पाहिजे. क्रमांकाचा पहिला आकडा पिढीचा व दुसरा त्या पिढीतील व्यक्तीचा. एकाच व्यक्तीला दोन पिते येऊ लागले की चूक तत्क्षणी डोळ्यांत भरते.

पहिली पिढी कोणाला म्हणावे हेही आरंभीच ठरवावे लागते. जोसेफस हेरोदापासून सुरुवात करतो. परंतु हेरोदाच्या मुलींचे विवाह त्याच्या भावाच्या व बहिणीच्या मुलांशी झालेले आहेत, त्यामुळे हेरोदाला पहिला धरले तर त्याच्या भावंडांना जागाच उरत नाही. म्हणून एक पायरी वर चढून हेरोदाचा पिता अंतिपातर याला पहिली पिढी मानणे सोयीचे होते. हेरोद व त्याची भावंडे दुसऱ्या पिढीत येतात.

आता नात्यांच्या शब्दांकडे वळू. जोसेफस म्हणतो की हेरोदाची कन्या सलांप्सियो हिचा विवाह फसाएलाशी झाला आणि दुसरी कन्या क्युप्रोस हिचा अंतिपातराशी. दोन्ही वरांना तो एकच ग्रीक शब्द लावतो, आणि आपण त्याचे भाषांतर सरसकट चुलतभाऊ असे करतो. मराठीत मात्र चुलतभाऊ वेगळा, आतेभाऊ वेगळा व मामेभाऊ वेगळा. सुदैवाने जोसेफस पुढे वरांची वडीलधारी नावे देतो. फसाएल हा हेरोदाच्या भावाचा पुत्र, म्हणून सलांप्सियोचा तो चुलतभाऊ. अंतिपातर हा हेरोदाची बहीण सलोमे हिचा पुत्र, म्हणून क्युप्रोसचा तो आतेभाऊ. मराठी शब्द वापरावयाचा झाला तर निर्णय घ्यावाच लागतो, आणि निर्णय घेण्यासाठी आईबापांचे रकाने पाहावेच लागतात. आपल्या भाषेची ही काटेकोर नातेव्यवस्था तक्ता तपासण्याचे एक चांगले साधन आहे.

याच ठिकाणी आणखी एक सावधगिरी हवी. सलांप्सियो व क्युप्रोस यांची आई मरियम्मे हिला जोसेफस येथे हुर्कानाची कन्या म्हणतो. अन्य ठिकाणी त्यानेच दिलेल्या माहितीवरून ती हुर्कानाची मुलगी नसून त्याच्या मुलीची मुलगी, म्हणजे नात आहे. प्राचीन लेखनात पुत्र व कन्या हे शब्द वंशज या अर्थानेही येतात, हे बायबलचा वाचक जाणतोच. म्हणून एकाच वाक्यावर भिस्त न ठेवता त्याच लेखकाच्या दुसऱ्या पानाशी ते पडताळून पाहावे.

मला फसविणारे वाक्य याच्या पुढेच आहे. फसाएल व सलांप्सियो यांच्या पाच मुलांची नावे सांगताना जोसेफस म्हणतो की त्यांपैकी क्युप्रोस हिच्याशी अरिस्तबूलाचा पुत्र अग्रिप्पा याने विवाह केला. अग्रिप्पाचे नाव येताच लेखक त्याच्याकडे वळतो : अग्रिप्पाची मुले, अग्रिप्पाचे भाऊ हेरोद व अरिस्तबूल, त्यांचे विवाह, त्यांची बहीण हेरोदिया, तिची कन्या सलोमे, सलोमेचे दोन विवाह आणि तिचे तीन पुत्र. इतके सर्व सांगून झाल्यावर तो समारोप करतो की ही झाली फसाएल व सलांप्सियो यांची संतती. हे वाक्य सरळ अर्थाने घेतले तर हेरोदिया व सलोमे फसाएलाच्या शाखेत जातात. वस्तुतः त्या शाखेत केवळ क्युप्रोस व तिची मुले येतात. हेरोदिया ही क्युप्रोसची नणंद. नणंद सासरच्या बाजूची, माहेरच्या नव्हे. जावयाच्या नावावरून लेखक जावयाच्या घरात शिरला, तेथे बराच वेळ रमला आणि बाहेर पडताना पहिल्याच घराचा निरोप घेता झाला, असे हे आहे.

लगेच पुढच्या दोन वाक्यांत असाच एक खड्डा आहे. अंतिपातर व क्युप्रोस यांच्या कन्येविषयी सांगून लेखक म्हणतो की अंतिपातराचे भाऊ हेरोद व अलेक्सांद्र हे निःसंतान वारले. येथे दोन वाक्यांत दोन निरनिराळे अंतिपातर आहेत. पहिला सलोमेचा पुत्र. दुसरा फसाएल व सलांप्सियो यांचा पुत्र, कारण हेरोद व अलेक्सांद्र ही नावे त्याच्याच भावंडांत पूर्वी आलेली आहेत. चिठ्ठीवर नुसते अंतिपातर असे लिहिले असते तर हे दोघे एक झाले असते व एका पिढीचा फरक पुसला गेला असता.

ही सर्व विधाने लावल्यावर जो तक्ता तयार होतो, त्याचा नव्या करारातील व्यक्तींशी संबंध येणारा भाग पुढे दिला आहे. काही मातांची नावे व काही मृत्यूंची वर्षे जोसेफसच्याच अन्य प्रकरणांतून भरली आहेत. जेथे आडवी रेघ आहे तेथे माहिती मुद्दाम भरलेली नाही.

| क्रमांक | नाव | पिता | माता | विवाह | काल |
|---|---|---|---|---|---|
| १.१ | अंतिपातर | — | — | क्युप्रोस | मृ. इ.स.पू. ४३ |
| २.१ | फसाएल | १.१ | क्युप्रोस | — | मृ. इ.स.पू. ४० |
| २.२ | हेरोद राजा | १.१ | क्युप्रोस | एकंदर दहा | मृ. इ.स.पू. ४ |
| २.३ | योसेफ | १.१ | क्युप्रोस | — | मृ. इ.स.पू. ३८ |
| २.४ | सलोमे | १.१ | क्युप्रोस | कोस्तबार इत्यादी | — |
| ३.१ | फसाएल | २.१ | — | ३.३ | — |
| ३.२ | अरिस्तबूल | २.२ | मरियम्मे, हुर्कानाची नात | ३.९ | मृ. इ.स.पू. ७ |
| ३.३ | सलांप्सियो | २.२ | मरियम्मे, हुर्कानाची नात | ३.१ | — |
| ३.४ | हेरोद | २.२ | मरियम्मे, याजक शिमोनाची कन्या | ४.३ | — |
| ३.५ | हेरोद अंतिपा, गालीलाचा मांडलिक | २.२ | मल्थाके | अरेत राजाची कन्या, ४.३ | हद्दपार इ.स. ३९ |
| ३.६ | ओलुंपिया | २.२ | मल्थाके | ३.८ | — |
| ३.७ | फिलिप्प, त्राखोनीतीचा मांडलिक | २.२ | क्लिओपात्रा, यरुशलेमची | ४.६ | मृ. इ.स. ३३-३४ |
| ३.८ | योसेफ | २.३ | — | ३.६ | — |
| ३.९ | बेर्निके | कोस्तबार | २.४ | ३.२ | — |
| ४.१ | अग्रिप्पा पहिला | ३.२ | ३.९ | ४.४ | इ.स.पू. ११-१० ते इ.स. ४४ |
| ४.२ | हेरोद, खल्किसचा राजा | ३.२ | ३.९ | ४.५, ५.२ | मृ. इ.स. ४८ |
| ४.३ | हेरोदिया | ३.२ | ३.९ | ३.४, ३.५ | — |
| ४.४ | क्युप्रोस | ३.१ | ३.३ | ४.१ | — |
| ४.५ | मरियम्मे | ३.८ | ३.६ | ४.२ | — |
| ४.६ | सलोमे | ३.४ | ४.३ | ३.७, ५.५ | — |
| ५.१ | अग्रिप्पा दुसरा | ४.१ | ४.४ | — | ज. सुमारे इ.स. २८ |
| ५.२ | बेर्निके (बर्णीका) | ४.१ | ४.४ | ४.२ इत्यादी | ज. सुमारे इ.स. २८ |
| ५.३ | मरियम्मे | ४.१ | ४.४ | — | ज. सुमारे इ.स. ३४ |
| ५.४ | द्रुसिल्ला | ४.१ | ४.४ | फेलिक्स इत्यादी | ज. सुमारे इ.स. ३८ |
| ५.५ | अरिस्तबूल | ४.२ | ४.५ | ४.६ | — |

त्या धर्मशिक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता एका दृष्टिक्षेपात मिळते. बेथलेहेमाच्या कत्तलीचा हेरोद म्हणजे २.२, योहानाला मारणारा त्याचा पुत्र ३.५, याकोबाचा वध करविणारा त्याचा नातू ४.१, आणि पौलासमोर बसलेले अग्रिप्पा व बर्णीका ही पणतवंडे ५.१ व ५.२. सुभेदार फेलिक्साची पत्नी द्रुसिल्ला ही त्यांचीच धाकटी बहीण.

कालाचा रकाना कसा भरला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जोसेफस ख्रिस्ती सनाची वर्षे देणे शक्यच नव्हते. तो कोणाचे वय किंवा कोणत्या राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते सांगतो. एकोणिसाव्या ग्रंथात तो म्हणतो की अग्रिप्पा पहिला वारला तेव्हा त्याला चोपन्नावे वर्ष चालू होते. हा मृत्यू इ.स. ४४ मधला. चोपन्नावे चालू म्हणजे त्रेपन्न पूर्ण. ४४ मधून ५३ वजा केले की उणे ९ येते, परंतु इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून उणे ९ याचा अर्थ इ.स.पू. १० होतो. त्या वर्षाचा वाढदिवस उलटण्यापूर्वी मृत्यू आला असेल तर इ.स.पू. ११. म्हणून तक्त्यात एक वर्ष न लिहिता दोन लिहिली आहेत. त्याच ठिकाणी त्याच्या मुलांची वये दिली आहेत : अग्रिप्पाला सतरावे वर्ष, बेर्निके सोळा वर्षांची, मरियम्मे दहा वर्षांची, आणि द्रुसिल्ला सहा वर्षांची. त्यावरून त्यांची जन्मवर्षे निघतात, आणि त्यातही एका वर्षाचा इकडेतिकडे फरक गृहीत धरावा लागतो. द्रूस नावाचा आणखी एक पुत्र होता, पण तो लहानपणीच वारला असल्याने या यादीत नाही.

शून्य वर्ष नसल्याची खातरजमा दुसऱ्या एका जागी करता येते. फिलिप्प मांडलिक हा तिबेर्य कैसराच्या विसाव्या वर्षी, सदतीस वर्षे राज्य करून वारला, असे जोसेफस सांगतो. तिबेर्य इ.स. १४ मध्ये गादीवर आला, म्हणजे त्याचे विसावे वर्ष इ.स. ३३-३४. फिलिप्पाचे राज्य हेरोदाच्या मृत्यूपासून, इ.स.पू. ४ पासून सुरू झाले. ४ व ३४ यांची बेरीज ३८, त्यातून शून्य वर्षाचे एक वजा केले की ३७ उरतात. दोन स्वतंत्र विधाने एकमेकांना मिळाली म्हणजे त्या रकान्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

काल हा नात्यांचीही परीक्षा घेतो. अरिस्तबूल ३.२ याला त्याच्या बापाने इ.स.पू. ७ मध्ये ठार करविले, तेव्हा त्याची मुले लहान होती असे उताऱ्यात आहे. अग्रिप्पाचा जन्म इ.स.पू. ११-१० ला आला, म्हणजे बापाच्या मृत्यूच्या वेळी तो तीनचार वर्षांचा, विधान जुळते. हेरोदियाही अरिस्तबूलाचीच मुलगी, म्हणून तिचा जन्म फार तर इ.स.पू. ७-६ पर्यंतचाच असू शकतो. तिचे नेमके वर्ष कोठेही दिलेले नाही, म्हणून तिचा रकाना मोकळा ठेवला आहे. मर्यादा ठाऊक असणे आणि वर्ष ठाऊक असणे यांत भेद आहे.

पिढ्यांच्या मांडणीत एक व्यक्ती मात्र नीट बसत नाही, ती म्हणजे सलोमे ४.६. बापाकडून मोजले तर ती चौथ्या पिढीत येते, आईकडून मोजले तर पाचव्या. कारण हेरोदियेने आपल्याहून एक पिढी वरच्या पुरुषाशी, म्हणजे बापाच्या सावत्र भावाशी विवाह केला होता. मी पित्याकडून मोजण्याचा नियम ठरविला व तो सर्वत्र पाळला. त्याच सलोमेचा विवाह फिलिप्पाशी झाला. तो तिच्या बापाचा सावत्र भाऊ म्हणून तिचा चुलता, आणि आईच्या बापाचा सावत्र भाऊ म्हणून नात्याने आजोबा. फिलिप्पाच्या मृत्यूनंतर तिने अरिस्तबूल ५.५ याच्याशी विवाह केला. तो आईच्या भावाचा मुलगा, म्हणजे तिचा मामेभाऊ. या दुसऱ्या विवाहाला स्वतंत्र पुरावाही आहे. अरिस्तबूल पुढे धाकट्या अर्मेनियाचा राजा झाला, आणि त्याच्या काही नाण्यांवर एका बाजूस त्याचा व दुसऱ्या बाजूस सलोमे राणीचा मुखवटा कोरलेला आहे.

आता दुसरा प्रश्न : हेरोदियेचा पहिला पती कोण? जोसेफसच्या मते तो ३.४, याजक शिमोनाच्या कन्येचा पुत्र. त्याला तो नुसते हेरोद म्हणतो. मार्क मात्र त्याला फिलिप्प म्हणतो. मत्तयाच्या काही हस्तलिखितांत हे नाव नाही, आणि लूकाच्या तिसऱ्या अध्यायातील जुन्या पाठातही नाही. या अडचणीतून वाट काढण्यासाठी अनेक जुन्या भाष्यकारांनी ३.४ याला हेरोद फिलिप्प असे जोडनाव दिले. तसे असणे अशक्य नाही, परंतु हे जोडनाव प्राचीन ग्रंथांपैकी कोठेही आढळत नाही. ते दोन साक्षी एकत्र शिवून केलेले आहे. त्याउलट मांडलिक फिलिप्प ३.७ हाच पहिला पती मानावा, तर जोसेफसचे तो सलोमेचा पती असल्याचे विधान आड येते, कारण मग तो स्वतःच्याच मुलीचा पती ठरेल. म्हणून ३.४ या रकान्यात जोसेफसचे नाव ठेवावे आणि मार्काच्या शुभवर्तमानात यालाच फिलिप्प म्हटले असावे अशी टीप शेजारी द्यावी. दोन्ही साक्षी वाचकासमोर राहतात व तिसरे नाव रकान्यात शिरत नाही. नाचणाऱ्या मुलीच्या बाबतीतही हेच. शुभवर्तमानात तिचे नाव नाही, आणि जोसेफस सलोमेचे नाव सांगतो पण नृत्याविषयी अक्षर काढीत नाही. ती सलोमे होती हा आपला अनुमानाने काढलेला निष्कर्ष आहे. प्रवचनात तो तसाच सांगावा.

एवढा खटाटोप करून योहानाविषयी काय कळले, असे कोणी विचारील. मला वाटते की पुष्कळ कळले. पुतणीशी विवाह केला म्हणून योहानाने हेरोदाला दोष दिला, अशी समजूत आपल्या लोकांत आढळते. तक्ता पाहिला तर हेरोदियेचे दोन्ही पती तिचे सावत्र चुलतेच होते. या दृष्टीने पहिल्या व दुसऱ्या विवाहात काहीच फरक नाही. लेवीयाच्या अठराव्या अध्यायात आत्या, मावशी व चुलती यांच्याशी संबंध निषिद्ध सांगितला आहे, परंतु पुतणीचा उल्लेख तेथे नाही. निषिद्ध आहे ती भावाची पत्नी. त्याला अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायातील एकच अपवाद आहे : भाऊ निपुत्रिक वारला तर त्याच्या विधवेशी विवाह करून त्याचे नाव चालवावे. आता ३.४ च्या ओळीकडे पाहा. जोसेफस स्पष्ट सांगतो की पती जिवंत असताना हेरोदिया त्याला सोडून गेली, आणि त्या वेळी सलोमे जन्मलेली होती. भाऊ जिवंत, त्याला अपत्य आहे, आणि ३.४ व ३.५ यांच्या पित्याच्या रकान्यात एकच क्रमांक आहे. अपवादाची प्रत्येक वाट बंद आहे. योहानाचे दोषारोपण नेमके या तीन रकान्यांवर उभे आहे.

योहानाच्या वधाचे कारण म्हणून जोसेफस हेरोदाला वाटलेली बंडाची भीती सांगतो, शुभवर्तमाने या विवाहाचा निषेध सांगतात. तक्ता या दोहोंत निवाडा करू शकत नाही. परंतु निषेध कशाचा होता हे तो निःसंदिग्धपणे दाखवितो, आणि ज्याने त्यासाठी प्राण दिला त्याचे म्हणणे आपण बदलून सांगू नये एवढी जबाबदारी आपल्यावर येते.

त्या वयोवृद्ध धर्मशिक्षकांनी दुसऱ्या दिवशी हा तक्ता वहीत उतरवून घेतला. मोकळ्या रकान्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "फादर, हे कधी भरायचे?" मी म्हटले, "काका, जोसेफसने भरले असते तर आपणही भरले असते." त्यांनी मान डोलावली आणि त्या जागी काळजीपूर्वक आडव्या रेघा ओढल्या.